तिसऱ्या सिंकची पट्टी सकाळी जांभळी, दुपारी पांढरी: क्लोरीन जातं कुठं?

आमची खानावळ सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला आहे, दुपारी साधारण १६० ताटं लागतात, जेवणात भाकरी, शेंगाचटणी, वांगं नाहीतर डाळ, भात, आणि रात्रीला त्याच्या निम्मी ताटं. भांडी हातानेच घासतो, मशीन नाही. तीन सिंक आहेत, पहिल्यात साबणाच्या गरम पाण्यात घासायचं, दुसऱ्यात स्वच्छ पाण्यात विसळायचं, तिसऱ्यात क्लोरीनच्या पाण्यात बुडवायचं आणि मग न पुसता जाळीवर वाळवायचं. पद्धत बरोबर होती, तरी दोन महिने एकच गोष्ट परत परत होत होती. सकाळी तिसऱ्या सिंकमध्ये टेस्टची पट्टी बुडवली की जांभळी व्हायची, दुपारी दीड वाजता बुडवली की पांढरीच्या पांढरी. म्हणजे शेवटची पन्नास-साठ ताटं नुसत्या पाण्यातनं निघत होती आणि वरनं आम्हाला वाटायचं की औषधातनं निघाली. मावशींनीच पहिल्यांदा सांगितलं, "मालक, पट्टीला रंगच येईना झालाय बघा." 

पट्टी ज्यांनी वापरली नाही त्यांच्यासाठी एवढंच, की ती छोट्या डबीत कागदाच्या रिळासारखी मिळते, पाण्यात क्षणभर बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी लगेच जुळवायची. आपल्याला पाहिजे ५० ते १०० पीपीएम, म्हणजे एका लिटर पाण्यात ५० ते १०० मिलिग्रॅम क्लोरीन. मी सुरुवात १०० वर करतो आणि ५० च्या खाली आलं की पाणी बदलतो. २०० च्या वर कधी जाऊ देत नाही, कारण आपण नंतर ताटं परत धुणार नाही, ते पाणी ताटावरच वाळणार आहे.

पहिला संशय कॅनवर

आमचा कॅन पाच लिटरचा, सोडियम हायपोक्लोराइट, लेबलवर १० टक्के. तिसरं सिंक आतनं ५५ बाय ४५ सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलं की पाणी बरोबर ५० लिटरच्या आसपास होतं, तिथं आम्ही खिळ्याने रेघ ओढून ठेवलीय. १० टक्के म्हणजे एका लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे कॅनमधलं ५० मिलि ५० लिटर पाण्यात टाकलं की १०० पीपीएम व्हायला पाहिजे. हिशेब सोपा आहे. पण सकाळी सिंक ताजं भरल्यावर पट्टी नीट बघितली तर रंग जांभळा खरा, पण फिका, ५० च्या खुणेला जुळणारा. आम्ही "जांभळी झाली ना" म्हणून सोडून देत होतो, किती जांभळी ते कोणी बघतच नव्हतं.

हायपोक्लोराइट उन्हाने आणि उष्णतेने मरतं, झाकण घट्ट असलं तरी मरतं. आमचा कॅन मार्चमध्ये आणलेला आणि ठेवलेला कुठं, तर पत्र्याच्या शेडखाली शेगडीच्या मागच्या भिंतीला. सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते सांगायला नको, बाहेर ४२-४३ आणि पत्र्याखाली त्याच्याहून जास्त. कॅनवर छापलेला आकडा भरला त्या दिवशीचा असतो, आज आत काय आहे ते त्यावरनं कळत नाही.

कॅनची ताकद घरच्या घरी बघायची एक साधी रीत आहे. सुई नसलेली औषधाची सिरिंज घ्या, कॅनमधलं १ मिलि ओढा, एक लिटर स्वच्छ पाण्यात टाका, ढवळा आणि पट्टी बुडवा. पट्टी १०० दाखवली तर कॅन १० टक्के, ५० दाखवली तर ५ टक्के, म्हणजे पट्टीच्या आकड्याला १० ने भागायचं. पट्टीचे रंग अंदाजाचे असतात, त्यामुळे साडेपाच की सहा असलं काही त्यातनं कळणार नाही, पण अर्धं झालंय की पूर्ण आहे हे नक्की कळतं. हे पाणी पिण्याच्या नळाचं घ्या, भांडी विसळलेलं नको, का ते पुढे येईलच. आमच्या कॅनने ५० दाखवले. म्हणजे निम्मा कॅन उन्हाने खाल्ला होता.

मग मी माप दुप्पट केलं, ५० च्या जागी १०० मिलि, सकाळची पट्टी गडद जांभळी, १०० ला जुळली. इथं एक धोका आहे तो सांगून ठेवतो कारण आमच्याकडे झालाय. माप दुप्पट करून भिंतीवर लिहून ठेवलं आणि पंधरा दिवसांनी नवीन कॅन आला, पोराने भिंतीवरचं बघून १०० मिलि टाकलं, तर सिंक २०० वर. मावशींच्या बोटांची सालं निघायला लागली, पेल्यांना वास. तेव्हापासून भिंतीवर मिलि लिहायचं बंद केलं, आता "रेघेपर्यंत पाणी, पट्टी १०० ला जुळेपर्यंत औषध" एवढंच लिहिलंय, आणि कॅन घराच्या आतल्या खोलीत अंधारात, तारीख टाकून, दोन लिटरचाच आणतो. दुकानात मिळणारं घरगुती ब्लीच ४ टक्क्यांच्या आसपास असतं, ते वापरत असाल तर ५० लिटरला १२५ मिलि लागतं, पण खरं काय ते पट्टीलाच विचारा. वासाचं, रंगीत ब्लीच मात्र घेऊ नका, साधंच घ्या.

तरीपण दुपारी पांढरीच

कॅनचा प्रश्न सुटला, सकाळी १०० आलं, मी खूश. दुपारी पट्टी बुडवली तर परत पांढरी.

तेव्हा कळलं की कारणं दोन होती आणि एकामागं दुसरं लपलं होतं. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा एक दिवस जरा आधी येऊन तपासलेलं बरं. मी काय केलं, सकाळी साडेनऊला तिसरं सिंक १०० वर भरलं आणि सगळ्यांना सांगितलं की यात काही बुडवायचं नाही. साडेअकराला पट्टी घेतली, रंग किंचित फिका पण १०० च्या जवळच. म्हणजे नुसतं उभं राहून क्लोरीन दोन तासात एवढं उडत नाही. मग ताटं सुरू केली आणि दर चाळीस ताटांना पट्टी. पहिल्या चाळीसनंतर ५० च्या जरा वर. ऐंशीनंतर १०. शंभर झाली तेव्हा पांढरी.

माझा मेव्हणा म्हणाला, ओल्या ताटांबरोबर पाणी येतं ते मिसळून पातळ होत असेल. तेही मोजलं. दुसऱ्या सिंकमधनं काढलेली दहा ताटं एका पातेल्यावर पूर्ण निथळवली, १५० मिलिच्या आसपास पाणी निघालं, म्हणजे एका ताटामागं १५ मिलि, शंभर ताटांना दीड लिटर. ५० लिटरमध्ये दीड लिटर मिसळून १०० चे ९७ होतील, शून्य होणार नाही. म्हणजे पाण्याने पातळ होत नाही, त्या पाण्यात जे काही येतंय ते क्लोरीन खातंय.

दुसऱ्या सिंकमध्ये वाकून बघितलं तर उत्तर तिथंच होतं. पाणी ताकासारखं, वर फेसाचं कडं, तेलाचे डोळे, तळाला शेंगाचटणीचा चुरा. सकाळी एकदा भरलेलं ते दुपारपर्यंत तेच. मावशींची चूक नाही, पाणी जपून वापरा म्हणून मीच सांगितलेलं, आपल्याकडं नळ रोज येत नाही आणि टँकर काही फुकट येत नाही. पण क्लोरीनला जंतू कुठला आणि शेंगदाण्याचा कण कुठला हे कळत नाही, समोर येईल त्याच्यावर ते खर्च होतं. डाळ, दाण्याचा कूट, भाताची पेज, तेलाचा थर, सगळ्यावर. ताटावरचे जंतू मारायला मग शिल्लक काही राहत नाही.

साबणाचं आणखी एक आहे आणि ते पट्टीवर दिसत नाही म्हणून जास्त वाईट. भांडी घासायची पावडर अल्कली असते, ती तिसऱ्या सिंकमध्ये गेली की पाण्याचा पीएच वर चढतो आणि क्लोरीन पाण्यात असूनही आळशी होतं. पट्टी काम करणारं आणि आळशी झालेलं असं दोन्ही क्लोरीन धरून आकडा दाखवते, त्यामुळे पट्टी ७० म्हणेल पण काम त्याच्या निम्म्याचंही होणार नाही. तिसऱ्या सिंकमध्ये बोटाने ढवळून फेस आला तर पट्टी काहीही म्हणू दे, पाणी सोडून द्यायचं. हा आमचा नियम आहे.

काय बदललं

सगळ्यात मोठा फरक पहिल्या सिंकच्या आधी पडला. आता ताट आलं की आधी खरकटं रबराच्या पट्टीने डब्यात निपटायचं, मग एका टबात नुसत्या पाण्यात एक बुडी, आणि मग साबणाच्या सिंकात. टबात पाणी नवीन घेत नाही, दुसऱ्या सिंकचं बदलताना जे जुनं निघतं तेच टबात ओततो. त्यामुळे दुसऱ्या सिंकचं पाणी आता दर चाळीस ताटांना बदलतो तरी खर्च वाटला होता तेवढा वाढला नाही, १६० ताटांना चार भरण्या म्हणजे २०० लिटर, आधी एकच भरणी म्हणजे ५० लागत होतं. १५० लिटर जास्त गेलं खरं, पण तिसरं सिंक आता एकदाच भरावं लागतं, आधी ते दुपारी भरायला पाहिजे होतं आणि आम्ही भरत नव्हतो.

दुसरं, ताट एका सिंकमधनं दुसऱ्यात नेताना कडेला तिरकं धरून पाच-सहा सेकंद निथळायचं. सुरुवातीला मावशींना हे वेळखाऊ वाटलं, तर आम्ही दोन सिंकच्या मधल्या ओट्यावर तिरकी जाळी टाकली, ताटं त्यावर टेकवायची, पाणी मागच्याच सिंकमध्ये पडतं, हात थांबत नाही.

हे केल्यावर परत मोजलं. सकाळी १००, चाळीसला ९० च्या आसपास, ऐंशीला ८०, एकशेवीसला ७० ला जुळेल असा रंग, १६० ला ५० च्या जरा वर. तरीपण शंभर ताटांना एक पट्टी बुडवतोच, ज्या दिवशी तेलाची भाजी असते त्या दिवशी लवकर उतरतं.

पाणी किती गरम

पहिल्या सिंकला किमान ४३ अंश लागतं, अमेरिकेच्या फूड कोडमध्ये हाच आकडा आहे आणि अनुभवही तोच सांगतो, त्याच्या खाली शेंगदाण्याचं तेल साबणाला सुटतच नाही, ताट हाताला चिकट लागतं. आम्ही ४५ ला भरतो कारण पाणी निवत जातं, ४३ च्या खाली जायच्या आधी गरम पाणी वाढवायचं. हाताला सोसेल एवढं गरम हा अंदाज चालत नाही, मावशींचे हात ५० ला पण सोसतात आणि पोराचे ४० ला पण नाही. काचेचा नाही, स्टीलच्या दांडीचा थर्मामीटर ठेवा, काच फुटली तर सगळं सिंक टाकावं लागतं.

तिसऱ्या सिंकचं वेगळं. आमच्या पोराने चांगल्या मनाने त्यात उकळतं पाणी ओतायला सुरुवात केली होती, जास्त गरम म्हणजे जास्त स्वच्छ म्हणून. क्लोरीनचं उलटं आहे, फार गरम पाण्यात ते हवेत उडतं, डोळे चुरचुरतात आणि पाण्यात कमी राहतं. आणि फार गार पाण्यात ते हळू काम करतं. फूड कोडप्रमाणे ५० पीपीएमला पाण्याचा पीएच ८ पर्यंत असेल तर २४ अंश पुरतात, पीएच १० पर्यंत गेला तर ३८ लागतात. आमचं बोअरचं पाणी कडक आहे आणि साबण थोडा येतोच, म्हणून मी पीएचच्या भानगडीत न पडता ३८ ते ४० च ठेवतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच एवढं असतं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात मात्र टाकीतलं पाणी गार पडतं, तेव्हा गरम पाणी मिसळून मग औषध टाकायचं, औषध टाकून वरनं उकळतं ओतायचं नाही.

किती वेळ बुडवायचं, तर कोडमध्ये ७ ते १० सेकंद आहेत, आम्ही एक मिनिट ठेवतो कारण हातात घड्याळ कोणी धरत नाही आणि वाट्या एकात एक अडकतात. रात्रभर मात्र ठेवू नका. एकदा चमचे क्लोरीनमध्ये तसेच राहिले, सकाळी स्टीलवर तपकिरी टिपके, घासून जात नाहीत. ॲल्युमिनियमची पातेली तर काळवंडतातच, ती एक मिनिटात काढायची.

बऱ्याच जणांनी सुचवलं की क्लोरीन सोडून द्या, क्वाट नावाचं दुसरं जंतुनाशक वापरा, वास नाही, हात जळत नाहीत. खरं आहे, पण साध्या साबणाचा अंश आला की क्वाट बसून जातं आणि फार कडक पाण्यात त्याचा जोर कमी होतो, लेबलवर पाण्याचा कडकपणा किती चालतो ते लिहिलेलं असतं. आमच्या बोअरवर मला भरवसा नाही. शिवाय त्याची पट्टी वेगळी येते, क्लोरीनची पट्टी त्याला चालत नाही.

वाळवणं

सोलापुरात टॉवेल कमी नाहीत, आमच्या स्वयंपाकघरात तर खांद्यावर एक, कमरेला एक आणि खुंटीला तीन असायचे. गर्दीच्या वेळी ताट तिसऱ्या सिंकमधनं काढलं की सटकन टॉवेलने पुसून पुढे. आता विचार करा, त्याच टॉवेलने पहिलं ताट पुसलं, मग हात पुसले, मग ओटा, मग विसावं ताट. तिन्ही सिंकची मेहनत तिथंच गेली. हे मला ताटांवरनं नाही, वासावरनं कळलं. सकाळी ताटांची थप्पी उघडली की मधल्या ताटांना ओल्या फडक्यासारखा कुबट वास यायचा. दोन ताटांच्या मध्ये हाताची मागची बाजू घातली तर गार आणि ओलं. पुसलेलं ताट कोरडं वाटतं पण कडेच्या वळणात पाणी राहतं, एकावर एक ठेवलं की ते कोंडतं.

आता ताटं उभी, कडेवर, दोन ताटांत बोटभर फट, खाली जाळी, बाजूने पंखा. पेले पालथे, पण सपाट ट्रेवर नाही, ट्रेवर पालथा पेला म्हणजे आत वाफ कोंडलीच, जाळीवरच. जाळी घासायच्या सिंकपासून लांब, नाहीतर साबणाचे शिंतोडे धुतलेल्या ताटांवर. एप्रिलमध्ये ताटं दहा मिनिटात खडखडीत होतात, श्रावणात तासभर लागतो, म्हणून पावसाळ्यापुरती चाळीस ताटं जास्तीची आणली, ताटं कमी पडतात म्हणूनच पोरं टॉवेल उचलतात हे उशिरा लक्षात आलं. टॉवेल सगळे भांड्याच्या खोलीतनं बाहेर काढले, हात पुसायला दाराबाहेर एकच.

वाळल्यावर ताटांवर पांढरे डाग दिसतात ते बघून परत पुसायचा मोह होतो. ते बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत, घाण नाही. आठवड्यातनं एकदा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढतो, पण वेगळ्या टबात, वेगळ्या वेळी, आणि नंतर भरपूर पाण्याने विसळून. हात जोडून सांगतो, लिंबू, व्हिनेगर, ॲसिड, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही क्लोरीनच्या सिंकमध्ये टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत माणूस गुदमरतो. आमच्या ओळखीच्या एका मेसमध्ये डाग जावेत म्हणून असं टाकलं होतं आणि दोघांना खोकत बाहेर पळावं लागलं.

पट्ट्यांची डबी पण वाफेपासून लांब ठेवा. डबी उघडी राहिली तर पट्टी आपोआप रंगते किंवा रंगतच नाही. शंका आली तर एक पट्टी साध्या पाण्यात आणि एक कॅनमधल्या १ मिलिच्या त्या लिटरभर पाण्यात बुडवा, पहिली पांढरी आणि दुसरी जांभळी झाली पाहिजे. साध्या पाण्याला नळाचं ताजं पाणी घेऊ नका, त्यात पालिकेचं थोडं क्लोरीन असू शकतं, रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेलं घ्या.

राहिलं भाकरीच्या पिठाची परात आणि आमटीचं मोठं पातेलं, ती कुठल्याच सिंकमध्ये बसत नाहीत. परातीला चिकटलेलं पीठ आधी गार पाण्यात भिजवायचं, गरम पाण्यात ते खळीसारखं घट्ट बसतं. मग साबणाने घासून, दोनदा विसळून, १०० पीपीएमचं पाणी बादलीत वेगळं करून मग्ग्याने आतनं कडेपर्यंत सगळीकडे ओतायचं, परात फिरवत एक मिनिट ओली ठेवायची, ओतून टाकायचं आणि भिंतीला तिरकी टेकवून वाळवायची. त्या बादलीची पट्टी वेगळी बघायची, सिंकची पट्टी चांगली आली म्हणून बादलीची पण चांगलीच असेल असं धरायचं नाही.